वाढत्या अंगाचं हेल्मेट

शेजारचे निसारभाई अंबडच्या कारखान्यात लेथ चालवतात. कामात त्यांना केसाएवढाही फरक खपत नाही. पण तीन वर्षांच्या ताहेराला हेल्मेट आणलं ते ईदच्या फ्रॉकसारखं, वाढत्या अंगाचं.

पहिली पाळी करून ते दमून आले होते आणि लेकीला स्कूटरवरून नानीकडे न्यायचं होतं. तिला मागे बसवून पट्ट्याने स्वतःशी नीट बांधलं. मी हेल्मेटला बोट लावलं, तर ते तिच्या नाकावर आलं.

"भाई, पडली तर हेल्मेट आधी पळेल."

"रुमाल कोंबतो आत."

"लेथवर जॉब सैल बसला, तर रुमाल कोंबता का?"

भाईंनी पट्टा सोडला, लेकीला कडेवर घेतलं आणि पाय ओढत कोपऱ्यावरच्या दुकानात हेल्मेट बदलायला गेले. नवं हेल्मेट हलवलं तरी जागचं हललं नाही.

चहा पाजून मी बजावलं, "तिसाच्या वर काटा नको."

"एवढ्या थकव्यात वीससुद्धा पुष्कळ," भाई म्हणाले. "ताहेरा, झोपायचं नाही हं."

"अब्बू, जांभई तुम्हीच देताय."

भाईंनी किल्ली खिशात टाकली आणि रिक्षाला हात केला.