बी अकरा वेळा

नोकरी गेली तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो. वीस वर्षं मी विजेच्या मीटरच्या आत चालणारे प्रोग्राम लिहिले. कंपनी छोटी होती, मालक म्हातारे झाले, मुलांना मीटरमध्ये रस नव्हता. एक दिवस आम्हाला पेढे देऊन घरी पाठवलं. पेढे कशाबद्दल, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यानंतरच्या पाच महिन्यांत मी सहा मुलाखती दिल्या. पाचवीत मी समोरच्या माणसाची एक चूक दाखवली आणि तिथेच संपलो. म्हणून सातव्या मुलाखतीला निघताना बायकोने दारातच बजावलं, "हे बघ, तिथे कुणी म्हणालं की सूर्य पश्चिमेला उगवतो, तर काय म्हणायचं?"

"किती वाजता, विचारायचं."

"काही विचारायचं नाही. हो म्हणायचं."

ती शाळेत शिकवते. चाळीस मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईपुढे एका बेकार नवऱ्याचं काय चालणार? मी हो म्हणालो आणि मुलुंडहून पवईची रिक्षा पकडली.

ऑफिस बाराव्या मजल्यावर, तलावाच्या बाजूला. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की इथे कुणीही कर्मचारी नाही, सगळे स्वप्नांचे भागीदार आहेत. त्याखाली भागीदारांनी गळ्यातलं कार्ड न चुकता दाखवावं अशी सूचना होती. मला ज्या खोलीत बसवलं तिचं नाव 'कैलास' होतं. एसी इतका जोरात होता की नाव सार्थ वाटलं.

मुलाखत घेणारा तिशीच्या आतला होता. त्याचं पद त्याने सांगितलं, पण ते संपेपर्यंत मला सुरुवात आठवेना. मराठीच होता. आधी इंग्रजीत बोलला, मग माझा बायोडेटा वाचून मराठीवर आला, जसं आपण नातेवाइकांसमोर बूट काढतो तसं.

"सर, आमच्याकडे एकच प्रश्न असतो," तो म्हणाला. "सोपा वाटतो, पण माणूस कळतो."

प्रश्न असा. अक्षरांची एक रांग आहे, एका चौकटीत एक अक्षर. एकच अक्षर लागोपाठ आलं तर ते पुन्हा पुन्हा न लिहिता एकदाच लिहायचं आणि पुढे किती वेळा आलं तो आकडा. एकदाच आलं असेल तर नुसतं अक्षर. दुसरी रांग घ्यायची नाही. त्याच रांगेत, त्याच चौकटींत, जुनं पुसत नवं लिहायचं. शेवटी नवी रांग किती लांबीची झाली ते सांगायचं.

मला मनातून बरं वाटलं. मीटरमध्ये जागा इतकी कमी असते की आम्ही आयुष्यभर हेच केलं. एका बोटाने वाचत पुढे जायचं, दुसऱ्या बोटाने मागून लिहीत यायचं. लिहिणारं बोट वाचणाऱ्याच्या पुढे कधीच जात नाही, कारण दोन सारख्या अक्षरांच्या जागी अक्षर आणि आकडा मिळून दोनच चौकटी लागतात, आणि त्याहून जास्त असतील तर जागा उरतेच. एकट्या अक्षरापुढे मात्र 'एक' लिहायला गेलात तर पुढचं न वाचलेलं अक्षर खाऊन टाकाल. हे सगळं मी त्याला सांगितलं. त्याने मान डोलावली आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

मी लिहिलं. नऊपर्यंत आकडा एका चौकटीत मावतो. दहापासून मावत नाही. बाराचा एक वेगळ्या चौकटीत, दोन वेगळ्या. तेव्हा संख्येतून एकेक अंक सोडवून घ्यावा लागतो. दहाने भागायचं, बाकी उरते तो शेवटचा अंक. पुन्हा भागायचं, त्याच्या आधीचा. हे माझे हात झोपेतही करतात.

बटण दाबलं. कंपनीने चाचणीसाठी भरून ठेवलेल्या रांगांवर प्रोग्राम चालला आणि एका ओळीखाली एक हिरव्या खुणा आल्या. खाली लिहून आलं, सर्व चाचण्या उत्तीर्ण, उत्तर जमा झालं.

"झकास!" तो म्हणाला. त्याला खरंच आनंद झाला होता. तो वाईट मुलगा नव्हता. "सकाळपासून तुम्ही पहिले. मी मॅडमना घेऊन येतो, हां. त्यांनी हो म्हटलं की झालंच."

तो गेला. मी कैलासावर एकटा.

बायकोला कळवायला फोन बाहेर काढला आणि सहज पडद्याकडे पाहिलं. लिहिलेलं पुन्हा वाचायची सवय वाईट आहे. वाचलं, आणि फोन परत खिशात ठेवला.

मीटरवर आकड्याला ठरावीक घरं असतात, आणि आम्ही ती उजवीकडून भरत डावीकडे जातो. शेवटचा अंक आधी निघतो, तो सगळ्यात उजवीकडे बसतो, सगळं जमतं. इथे मी अंक त्याच सवयीने काढले होते, पण भरत गेलो होतो डावीकडून उजवीकडे. म्हणजे बाराचे दोन आधी, एक नंतर. बी बारा वेळा आला तर माझा प्रोग्राम लिहिणार, बी एकवीस वेळा. वीस वर्षांच्या अनुभवाशिवाय ही चूक जमत नाही.

मग हिरव्या खुणा कशा? मी चाचण्यांची यादी उघडली. बाकीच्या सगळ्या एक आकडी होत्या. दोन आकडी एकच होती: एक ए आणि त्यापुढे बी अकरा वेळा. अकरा उलटा लिहिला तरी अकराच.

गुपचूप दुरुस्त करावं म्हटलं, तर जमा झालेलं उत्तर बदलता येत नव्हतं. हिरवं ते हिरवंच.

मला पाच मिनिटं मिळाली असतील. सूर्य पश्चिमेला उगवला होता आणि मी हो म्हणायचं तेवढं बाकी होतं. शिवाय या वेळी चूक त्यांची नव्हे, माझीच. स्वतःची चूक झाकायला धाडस लागत नाही. पण उद्या मी इथे कामाला लागणार, हा मुलगा सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणाला हेच उत्तर नमुना म्हणून दाखवणार, आणि तो दुसरा माणूस कधीतरी बारा टाकणार. मग माझ्या नावासमोर ते एकवीस कायमचे. खरं सांगायचं तर हा प्रामाणिकपणा नव्हता. पकडलं जाण्याची भीती होती.

मॅडम आल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, पायात स्पोर्ट्स शूज. बोरिवलीहून रोज येतात हे त्यांनी बसायच्या आत सांगितलं, लिंक रोडबद्दल मत व्यक्त केलं आणि मग म्हणाल्या, "पास झालात म्हणे?"

"झालो," मी म्हणालो. "पण माझं उत्तर चूक आहे."

मुलगा हसला. "सर, टेन्शन नका घेऊ. सगळं ग्रीन आहे."

"ग्रीन आहे, पण बारा बी दिले तर एकवीस येतील."

"असं कसं येईल? दोन आकडी टेस्ट केस आहे ना आपल्यात."

"ती अकराची आहे."

मॅडम म्हणाल्या, "अरे, वाद कशाला घालतोस? टाक ना बारा."

त्याने बाराची चाचणी टाकली. जमा झालेलं उत्तर पुन्हा चालवलं. आम्ही तिघं पडद्यावर वाकलो.

हिरवी खूण आली.

"बघा!" तो टेबलावर थाप मारून म्हणाला. "उगाच घाबरता, सर."

मलाही क्षणभर वाटलं की आपल्याला भागाकार येत नाही. मॅडमनी मात्र चष्मा लावला आणि बोट पडद्यावर ठेवलं. "हे आलंय काय? बी... दोन... एक. तू किती दिलेस?"

"बारा."

"मग हे एकवीस कुठून आले?"

"पण सिस्टिम म्हणते बरोबर आहे."

"सिस्टिमला बरोबर काय ते कुणी सांगितलं?"

यावर त्याच्या कानांचा रंग बदलायला लागला. झालं होतं असं. नवी चाचणी टाकली की तिचं अपेक्षित उत्तर कंपनीचा स्वतःचा नमुना प्रोग्राम काढून देतो, आणि उमेदवाराचं उत्तर त्याच्याशी ताडून बघतात. नमुना प्रोग्रामही बाराचे एकवीस करत होता. दोन्ही चुका एकमेकींना भेटल्या आणि पटलं.

"तुम्ही बरोबर लिहून दाखवा," मॅडम मला म्हणाल्या.

त्याने मला कोरं पान उघडून दिलं. मी आधी संख्येत अंक किती ते मोजलं, अक्षरापुढे तेवढ्या चौकटी सोडल्या आणि मीटरसारखं उजवीकडून भरत आलो. दोन उजवीकडे, एक त्याच्या डावीकडे. मग लिहिणारं बोट त्या सगळ्या अंकांच्या पलीकडे नेलं. बटण दाबलं.

बी बारा. समोर लाल फुली. खाली लिहून आलं, चाचणी अनुत्तीर्ण.

मॅडम इतक्या हसल्या की काचेच्या भिंतीपलीकडचे दोन भागीदार वळून बघायला लागले. "म्हणजे चुकले तेव्हा पास, सुधारले तेव्हा नापास! अरे, हा नमुना लिहिला कुणी?"

"टीमने," तो म्हणाला.

"टीममध्ये कोण कोण होतं?"

"तेव्हा... मीच होतो."

मला त्याची दया आली. "अकराचं उत्तर बरोबर येतं त्याचं," मी म्हणालो.

"सर, प्लीज," तो म्हणाला.

मॅडमनी डोळे पुसले. "म्हणजे इतके दिवस बरोबर लिहिणारे पण पास आणि उलटं लिहिणारे पण पास. आणि हा म्हणतो, या प्रश्नातून माणूस कळतो." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कळवतो तुम्हाला." हे वाक्य मी आधी सहा वेळा ऐकलं होतं.

घरी बायकोने दार उघडलं. "काय झालं?"

"पास झालो."

"अगं बाई!"

"मग मी त्यांना सांगितलं की मी चूक आहे."

"पाचव्या वेळी त्यांची चूक काढलीस. आता कुणाचीच मिळाली नाही म्हणून स्वतःची?"

"त्यांचीही मिळाली. शेवटी."

ती आत गेली आणि भेंडी चिरायला लागली. सुरीचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

चार दिवसांनी मॅडमचा फोन आला. ज्या जागेसाठी बोलावलं होतं ती जागा त्यांनी दुसऱ्याला दिली होती. एक दुसरी होती, त्यांनी तेव्हाच तयार केलेली. त्यांच्याकडे चाचण्यांचे आणि नमुन्यांचे असे सत्तरेक प्रोग्राम होते आणि ते कुणी कधी तपासलेच नव्हते. "उत्तरं लिहिणारे रग्गड आहेत हो माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "सोमवारी येता का?"

मी सोमवारी गेलो. त्यांनी माझी जागा त्या मुलाच्या शेजारीच ठेवली होती. दुपारपर्यंत मी तीन नमुने तपासले. तिसऱ्यापाशी थांबलो, कागदावर मांडून पाहिलं, मग पुन्हा मांडून पाहिलं. त्याने ते तिरक्या नजरेने टिपलं असावं. हेडफोन काढून त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली.

"कुठला, सर?"

"तिसरा."

"तो माझा नाही," तो घाईघाईने म्हणाला. मग माझ्या कागदाकडे वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "सर, हा मॅडमचा आहे!"

आम्ही दोघांनी तो शेवटपर्यंत पुन्हा तपासला. मग त्यांच्या केबिनचं दार कुणी ठोठावायचं यावर बराच वेळ चर्चा केली.