धाकू पाडेलीचा पाय

सर्वणच्या नारळी-पोफळीच्या कुळागरांत धाकूला विचारल्याशिवाय नारळ खाली येत नसे. पाडेली म्हणजे माडावर चढून नारळ काढणारा. त्याचा बाप दोडामार्गाकडून इकडे आला, इथल्या बागायतदारांचे माड सांभाळू लागला, आणि बापामागून धाकू. दोन्ही पायांत काथ्याचं वेटोळं अडकवायचं, खोडाला हात लावून तो कपाळाला टेकवायचा आणि वर. अलीकडे बाजारात माडावर चढायचं यंत्र आलं. धाकू त्याला सायकल म्हणायचा आणि ते घेऊन येणाऱ्या पोरांची वरून थट्टा करायचा. डिचोली बाजारातल्या शिकल्या-सवरल्या माणसांना तो जमिनीवरची माणसं म्हणत असे. त्यांच्यात मीही आलो. मी इथल्याच एका इस्पितळात सर्जन आहे आणि माझ्या घरामागचे माड धाकूच पाडायचा.

त्याला मधुमेह होता. गोळ्या तो आठवण झाली तर घ्यायचा, आणि आठवण सहसा होत नसे. पायाची जाणीव हळूहळू गेली होती. त्यात करवंदीचा काटा मोडला, तो कळलाच नाही. जखम चिघळली तरी हा पठ्ठ्या माडावर. बोटं काळी पडून वास यायला लागला तेव्हा बायकोने, सरस्वतीने, त्याला अक्षरशः ओढत माझ्याकडे आणलं. मी पट्टी सोडली आणि मला त्याचा संताप आला. इतका चांगला पाय, आणि इतकी हेळसांड.

रक्तवाहिन्या गुडघ्याखाली बंद झाल्या होत्या. पणजीकडच्या मोठ्या इस्पितळातल्या तज्ज्ञांनाही तपासण्या दाखवल्या. नवा रक्तमार्ग जोडण्यासारखी स्थिती नव्हती. गुडघ्याखाली पाय कापला तर धाकू बहुधा वाचणार होता. नाही कापला तर विष वर चढणार आणि तो जाणार, हे मी त्याला खाटेवर बसून साध्या शब्दांत सांगितलं.

"पाय कापूचो नाय," तो म्हणाला.

"मग मराल, धाकूभाऊ."

"मरान."

मुलगा साईश मोपाच्या विमानतळावर सामान चढवायच्या कामाला आहे. तो धावत गावच्या देवळात गेला आणि कौल लावला. मूर्तीला फुलाच्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. उजवी पडली. साईश आनंदाने सांगायला आला की देवानेच पाय कापायला सांगितलंय, आता बाबा नाही म्हणणार नाहीत. आमच्याकडे कौलाच्या विरुद्ध कोणी जात नाही. लग्न, घर, विहीर, सगळं त्याच्यावर चालतं.

धाकूने ऐकून घेतलं. "माडार देव चडूक नाय," तो म्हणाला. "मी चडलंय."

मी पुष्कळ हट्टी माणसं पाहिली आहेत, पण देवालाही जमिनीवरच्या माणसांत ढकलणारा हा पहिलाच.

आता प्रश्न असा, की ह्या माणसाचं डोकं ठिकाणावर आहे का? आमच्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. कोमल त्याच्याशी बोलल्या. तुम्हाला काय झालंय, पाय नाही कापला तर काय होईल, कापला तर काय होईल, आणि तुम्हाला का नको, हे त्यांनी त्याच्याच शब्दांत सांगायला लावलं. त्याने एकही चूक केली नाही. "कापलो नाय तर विष वर चडतला, मी मरतलंय. कापलो तर जगतलंय, पण खाटेर. सरस्वती माका भरवतली. तां माका नको." तो उदासही नव्हता, कोणाच्या दबावाखालीही नव्हता. त्याची निर्णयक्षमता पूर्ण आहे, असं कोमलबाईंनी लिहून दिलं. मला वाटलं होतं, त्या काहीतरी खोट काढतील आणि मला वाट मोकळी होईल.

मग मी रामचंद्रला बोलावून घेतलं. त्याचा पाय मीच कापला होता. तो आता साखळीच्या बसस्टँडवर लॉटरीची तिकिटं विकतो. त्याने कृत्रिम पायावर वॉर्डात चालून दाखवलं, जिना चढून दाखवला. धाकूने तो पाय हातात घेऊन नीट पाहिला, वाकवून पाहिला.

"ह्या पायान माडार चडाक येता?" त्याने आदराने विचारलं.

रामचंद्र खोटं बोलणारा माणूस नाही. "नाय," म्हणाला. मला त्या क्षणी त्याचा फार राग आला.

शेवटी मी प्रकरण इस्पितळाच्या नीती समितीपुढे नेलं. कोमलबाई, एक वकील, निवृत्त हेडमास्तर सगुण सर आणि मी. कोमलबाईंनी फळ्यावर चार शब्द लिहिले. स्वायत्तता, हित, अपाय टाळणे, न्याय. वैद्यकातल्या नीतीचे हे चार खांब. त्यांतला कुठलाच आपोआप मोठा नसतो, त्या म्हणाल्या. दर रुग्णागणिक वजन करावं लागतं.

मी हिताच्या बाजूने भांडलो. मेलेल्या माणसाला कसली आलीय स्वायत्तता? आधी जगू दे, मग काय ते ठरवू दे. कोमलबाईंचा आवाज कधीच चढत नाही. त्या म्हणाल्या, त्याचं हित म्हणजे तुम्हाला दिसतं तेवढंच नव्हे. त्याला जगणं कशाला म्हणावंसं वाटतं, तेही त्याच हितात येतं. त्याला समजवा, पुन्हा पुन्हा समजवा. पण फसवू नका आणि जबरदस्ती करू नका. नको म्हणणाऱ्याचा पाय कापणं हाही अपायच, आणि मोठा. मी म्हटलं, न कापणं हाही अपायच. त्यांनी मान्य केलं. दोन्हीकडे अपाय आहे, आणि त्यातला कुठला सोसायचा हे समजून-उमजून तोच ठरवू शकतो, असं म्हणाल्या.

न्यायापाशी आलो. वकीलबाईंनी विचारलं, उपचार नाकारणाऱ्याला अतिदक्षतेतली खाट अडवू द्यायची का? द्यायची, हे लगेच ठरलं. एका गोष्टीला नकार दिला म्हणून बाकीचे उपचार कोणी गमावत नाही. मग सगुण सर बोलले. ते सर्वणचेच. "त्याच्या घराकडे जायला पायऱ्यांची पाणंद आहे. संडास अंगणापलीकडे. एका पायाच्या पाडेलीला आपल्या तालुक्यात कोण काम देणार? हा नकार त्याचा, हे खरं. पण त्याच्यापुढे दुसरं आपण काय ठेवलंय?" फळ्यावर त्या शब्दाखाली काय लिहायचं, हे कोणालाच सुचलं नाही.

निर्णय झाला. संमतीशिवाय पाय कापायचा नाही. तो ज्याला हो म्हणेल ते सगळं करायचं: प्रतिजैविकं, इन्सुलिन, वेदनाशामक, मेलेला भाग साफ करणं. रोज विचारायचं, आणि त्याचं मत बदललं तर तत्काळ कापायचं. आणि शुद्ध हरपली तर काय करायचं, हे आताच विचारून घ्यायचं. मी विचारलं. धाकूने साईशकडे पाहिलं आणि म्हणाला, "झिलान सांगल्यान तरी कापू नको." सरस्वती पदराने तोंड झाकून बसली होती.

काळी बोटं काढायला मात्र त्याने संमती दिली. कण्यात भुलीचं इंजेक्शन आणि वर थोडं झोपेचं औषध दिलं. त्याला आत नेताना साईशने मला दाराशी गाठलं. "डॉक्टर, बाबा निजल्यार कापून टाका. मी सही करतंय. नंतर माझ्यावर रागावतील, रागावू देत. जिते तरी असतील."

मी त्याला नाही म्हटलं. पण आत गेलो आणि पायावर चाकू धरला तेव्हा दिसलं की सडलेलं मांस बोटांपाशी थांबलेलं नाही. पू स्नायूंच्या पडद्यांतून घोट्याच्या वर सरकला होता. कापायची हीच वेळ होती. भूल होती, हत्यारं होती, बाहेर मुलगा सही करायला उभा होता. भूलतज्ज्ञांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. तीस वर्षांची सवय हात पुढे ढकलत होती. धाकू मंद घोरत होता.

मी बोटं काढली, पोहोचलं तेवढं साफ केलं, पट्टी बांधली.

शुद्धीवर येताच त्याने आधी पाय चाचपला. "मी तुमच्यार विश्वास ठेवलेलो," तो म्हणाला, आणि हसला. मी सांगितलं की विष वर गेलंय, आज संध्याकाळपर्यंत हो म्हणालात तर अजून वाचवता येईल, उद्याचं सांगता येत नाही. त्याने ऐकलं, समजून घेतलं, आणि मान हलवली. नको.

दुसऱ्या दिवशी ताप चढला, रक्तदाब पडला. त्याला अतिदक्षता विभागात हलवलं. तो माडांशी बोलायला लागला, कुणाकुणाला खाली उभं राहू नका म्हणून ओरडायला लागला. साईशने माझे पाय धरले. "आता तेंका काय कळना. आता तरी कापा." मी म्हटलं, कळत होतं तेव्हा त्यांनी सांगून ठेवलंय, ते आता बदलत नाही. साईशने माझे पाय सोडले आणि मला शिवी दिली. मला ती लागली नाही, इतका मी स्वतःवरच चिडलो होतो.

मग लाली जांघेच्या वर पोटावर आली. मूत्रपिंडं थांबली. भूलतज्ज्ञ म्हणाले, आता टेबलावर घेतला तर तिथेच जाईल, आणि कापून उपयोगही नाही. त्यांचं बरोबर होतं.

त्यानंतर, का कोण जाणे, धाकू शुद्धीवर आला. माणसं जाण्याआधी कधीकधी येतात. त्याने सरस्वतीला ओळखलं, मला ओळखलं. श्वास लागला होता. डोळ्यांत जे होतं ते मी त्याच्या डोळ्यांत कधी पाहिलं नव्हतं.

"डॉक्टर," तो म्हणाला, "माका भय वाटता. कापा तो पाय."

सरस्वती उठून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद पसरला की मला तिकडे बघवेना. मी त्याचा हात धरला. आजवर त्याच्याशी खोटं बोललो नव्हतो. "आता नाही जमणार, धाकूभाऊ. फार वर गेलंय." त्याने माझा हात सोडला नाही. "खाटेर... खाटेर रवान," तो म्हणाला. "चालात माका." मी वेदनेचं औषध वाढवायला सांगितलं. करण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

सरस्वती माझ्यामागून बाहेर आली. ती कधी माझ्यापुढे मान वर करून बोलली नव्हती.

"त्या दिसा ते निजलेले," ती म्हणाली. "तेवा कापल्यात असतात तर वाचले असते?"

"बहुधा."

"मग तुमी तेंका विचारलात कशाक?"

मी बोलायला तोंड उघडलं. कोमलबाईंचे शब्द मला पाठ होते, आणि ते खरेही होते, अजूनही खरे आहेत. सरस्वती पदर खोचून आत गेली, कारण धाकू अजून जागा होता आणि तिला हाक मारत होता.