शिंकेमुळे बदललेला स्वयंपाक

शेलूबाजारच्या फाट्यावर मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई खानावळ चालवतो. स्वयंपाक त्यांचा, वाढणं आणि गल्ला माझा. एका बाजाराच्या दिवशी सकाळपासून त्या सारख्या शिंकत होत्या. मनगटाने नाक पुसून त्यांनी हात पुन्हा कणकेत घातला, तशी मी परात ओढली.

"जाऊबाई, आज तुमी सैपाकाले हात नका लावू."

"काहून? सर्दीच तर हाय. घरी रांधतोच ना आपण?"

"इथं लोकं जेवाले येतात. लायसन घेताना सायबानं सांगतलं होतं ना, आजारी माणसानं अन्नाले हात लावू नये."

ती कणीक मी टाकून दिली. त्यांचे डोळे भरून आले. "माह्या हातचं घाण वाटते तुले?" त्या म्हणाल्या. साबणाने हात धुऊन मी नव्याने कणीक मळली. त्या मास्क लावून बाहेर गल्ल्यावर जाऊन बसल्या.

माझ्या पोळ्या जाड झाल्या आणि वांग्याच्या भाजीत तिखट जास्त पडलं. नेहमीच्या एका जीपवाल्याने पहिल्याच घासाला विचारलं, "आज सैपाक कोनं केला?"

गल्ल्यावरून जाऊबाईच घोगऱ्या आवाजात बोलल्या, "हिनं केला, भाऊ. मले सर्दी झाली, म्हून मीच आत जात नाई. आजच्या दिवस गोड मानून घ्या."

त्याने हसत आणखी एक पोळी मागितली.

काही दिवसांनी शिंका, खोकला पुरता थांबल्यावरच त्या आत आल्या. हात धुतले आणि मला म्हणाल्या, "सरक आता. तुह्या पोळ्यांनं गिऱ्हाइकं पळून जातीन."