हे अम्ब

आई कोथरूडच्या घरी नववीच्या मुलींना संस्कृत शिकवायची. नामांचे तिचे दोनच तक्ते होते: आकारान्त स्त्रीलिंगाला माला, अकारान्त नपुंसकलिंगाला वन. वनम्, वने, वनानि ही ओळ प्रथमेला आणि द्वितीयेलाही तीच. तृतीयेपासून वन 'देव' या शब्दासारखं चालतं, वनेन, वनाय.

"काकू, एका ओळीचे कष्ट वाचले," एकजण म्हणाली होती.

"वाचलेले मालेवर खर्च कर. मालया, मालायै, मालायाः म्हणताना दमशील."

गेल्या वर्षी तिचा हात थरथरायला लागला, तेव्हा तक्ते टाइप करायचं काम मी अंगावर घेतलं. हिंजवडीच्या बसमध्ये बसून केलं. मालेच्या तक्त्याखाली तिने सम्बोधनाची उदाहरणं दिली होती: हे लते, हे शाले, हे अम्ब. मला वाटलं, आईची मात्रा राहिली. माला, हे माले. तसं अम्बा, हे अम्बे. मी मात्रा दिली. तिला विचारलं नाही.

शाळेतल्या चाचणीनंतर एक मुलगी पेपर घेऊन आली. "काकू, 'हे अम्बे'ला बाईंनी काट मारली. तुमच्या तक्त्यात असंच आहे."

आईने कागद डोळ्यांजवळ धरला. "बाई बरोबर आहेत. आईला हाक मारताना शेवटचा स्वर ऱ्हस्व होतो, हे अम्ब. माझं चुकलं." मुली गेल्यावर मला म्हणाली, "हेसुद्धा विसरायला लागले मी? मी लिहिलेला कागद बघ गं जरा."

कागद माझ्या बॅगेत होता.

"टाकला बहुतेक," मी म्हणाले.

त्यानंतर ती वनेनसुद्धा पुस्तकात बघून मग फळ्यावर लिहायची. दिवाळीनंतर तिने वर्ग बंद केला. "चुकीचं शिकवण्यापेक्षा न शिकवलेलं बरं," म्हणाली. मी मान डोलावली. एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं. फेब्रुवारीत ती गेली. तोपर्यंत ती स्वतःची स्मरणशक्ती तपासत होती, रोज, पाढे म्हणावेत तशी.

परवा तीच मुलगी तक्ते मागायला आली. आता तिची धाकटी बहीण नववीत आहे. मी मात्रा काढून नवी प्रत दिली आणि आईच्या अक्षरातला कागद तिच्यापुढे ठेवला.

"काकूंचं बरोबर होतं. चूक मी केली."

तिने कागद नीट वाचला. "काकू मला सॉरी म्हणाल्या होत्या," ती म्हणाली. "ताई, तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत त्यांना?"

मी तिला पाणी विचारलं. ती नको म्हणाली.