दुसऱ्या पेटीतला पंप

दुकानात त्यांना सगळे उर्वरितताई म्हणत. नाव पॅकिंगवाल्या काकांनी ठेवलं होतं आणि त्यासाठी त्यांना फारशी प्रतिभा लागली नव्हती, कारण ताईंच्या जवळजवळ प्रत्येक निरोपात हा शब्द असायचाच. ‘आपल्या ऑर्डरमधली व्हीलचेअर आज रवाना केली आहे. उर्वरित वस्तू, म्हणजे तिची गादी, स्वतंत्र पार्सलने येईल.’ एरवी हा शब्द बोलताना कुणी वापरत नाही. ताई भाजी वाढतानाही वापरायच्या, असं त्यांच्या सासूबाईंचं म्हणणं होतं.

दुकान म्हणजे दोन खोल्या आणि एक वेबसाइट. वेबसाइटवर उंच छताच्या चकचकीत गोदामाचा फोटो होता. तो कुठल्या गोदामाचा हे मालकांनाही माहीत नव्हतं. प्रत्यक्षात पुढच्या खोलीत ताईंचं टेबल, मालकांचं टेबल आणि न चालणारा पंखा, मागच्या खोलीत फळ्या, खोकी आणि काका. आजारी माणसाला घरी लागतात त्या सगळ्या वस्तू तिथे मिळायच्या: वॉकर, पाठीचा टेकू, कमोडची खुर्ची, हवेची गादी. गिऱ्हाईक एकदम सगळं मागायचं आणि माल मात्र वेगवेगळ्या पुरवठादारांकडून आपापल्या सवडीने यायचा. मालकांचा नियम होता, जे हातात आहे ते पाठवा. मागे राहिलेल्याचं काय, ते ताई सांगतील.

ताईंना ते सांगता यायचं. लग्नाआधी त्यांनी कपडे धुण्याच्या दुकानात काउंटरवर काम केलं होतं. कोट तयार आहे, पँट उद्या मिळेल, हे समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून सांगायचं. ज्याला संध्याकाळी मुलाखतीला जायचंय त्याला हे वाक्य ऐकवून झालं की ऐकवणारा कशालाही तयार होतो. तेव्हापासून ताईंची एक शिस्त बसली होती. काय गेलं ते आधी लिहायचं, काय राहिलं ते वस्तूचं नाव घेऊन लिहायचं, ते कधी निघेल ते लिहायचं आणि पाठवणावळ पुन्हा पडणार नाही हेही लिहायचं. प्रत्येक पार्सलचा नंबर वेगळा द्यायचा. आणि हा नंबर कुरिअरच्या माणसाने पेटी स्कॅन केल्याशिवाय द्यायचाच नाही. लेबल छापलं की नंबर जन्माला येतो, पण चालायला लागत नाही, असं त्या म्हणायच्या. मालक म्हणायचे, “ताई, बाकीची दुकानं लेबल छापल्याछापल्या कळवतात. लोकांना बरं वाटतं.”

“एक दिवस बरं वाटतं, सर. मग दोन दिवस मला फोन येतात.”

त्या दिवशी ज्या बाईचा प्रश्न होता, तिने हवेची गादी आणि तिचा पंप मागवला होता. आई अंथरुणाला खिळलेली. अजून हॉस्पिटलातच, तिथे पाठीला जखम झालेली, ती आता कुठे भरत आलेली. या गादीत आडवे कप्पे असतात. पंप ते आळीपाळीने फुगवतो आणि सोडतो, म्हणजे अंगाचा भार एकाच जागी राहत नाही. पंप नसेल तर ती गादी म्हणजे महागडं प्लास्टिक. गादी फळीवर होती, पंप यायचे होते. मालकांच्या नियमाप्रमाणे गादी पुढे गेली, ताईंच्या नियमाप्रमाणे निरोप गेला. गादी पोचली. पुढे पंप आले, दुसरी पेटी निघाली, तिचं स्कॅन झालं, ती गिऱ्हाइकाच्या शहराकडे सरकताना ताईंनी स्वतः पडद्यावर पाहिली आणि मगच कळवलं: पंप निघाला आहे, हा त्याचा नंबर, उद्या दुपारपर्यंत पोचेल.

आईच्या या मुलीचं उत्तर लगेच आलं. ‘थँक्यू मॅडम. मग उद्या सकाळीच आईला घेऊन निघतो, घरी पोचेपर्यंत पंपही येईल. अ‍ॅम्ब्युलन्स सांगितली आहे. डॉक्टर गादीसाठीच थांबले होते.’

ताईंना फार बरं वाटलं. अर्थात फार वेळ नाही.

चहाच्या सुमाराला काका मागच्या खोलीतून एक खोकं मिरवत आले. “सर, शुभवार्ता. पुरवठादाराने एक पंप जास्तीचा पाठवलाय.”

“बिलात?”

“बिलात नाही. फुकट!”

मालकांचा चेहरा उजळला. त्या पुरवठादाराने आजवर कुणाला खिळाही जास्तीचा दिला नव्हता. ताईंनी मात्र ऑर्डरींची यादी उघडली.

“काका, जास्त कुठून येईल? जेवढ्या ऑर्डरी होत्या तेवढेच मागवले होते आपण.”

“आता आलाय त्याला मी काय करू?”

“पेट्या तुम्ही कशा भरल्यात?”

काकांची एक पद्धत होती आणि तिचा त्यांना अभिमान होता. माल यायच्या आधीच ते पेट्या तयार ठेवायचे. आत फोम बसवायचा, वर लेबल लावायचं आणि धूळ जाऊ नये म्हणून तोंडाला टेपची एक पट्टी. माल आला की पट्टी काढायची, वस्तू बसवायची, पेटी पक्की बंद करायची. यात बराच वेळ वाचायचा. काका उभ्या उभ्याच आठवू लागले, आणि आठवता आठवता त्यांच्या हातातलं खोकं हळूहळू खाली आलं.

“कोपऱ्यातली एक... कुरिअरवाला घाईत होता. मी टेम्पो उतरवत होतो. त्याने लेबल बघून उचलली असणार, ताई.”

“पट्टीवरच?”

“पट्टीवरच.”

बाकीच्या सगळ्या पेट्या काकांनी हाताने भरल्या होत्या आणि त्यांना त्या एकेक आठवत होत्या. आठवत नव्हती ती एकच. म्हणजे नंबर खरा होता, पेटी खरी होती, ती वेळेवर पोचणारही होती. फक्त तिच्यात फोम होता.

मालकांनी शांतपणे विचार केला. ते शांतपणे विचार करू लागले की ताई हातातलं काम बाजूला ठेवायच्या. “असं करू. आजच्या गाडीने पंप पाठवू. उद्या ती रिकामी पेटी पोचली की बाई फोन करेलच. तेव्हा म्हणू, वाटेत कुणीतरी काढला असेल, चौकशी करतो. तोवर आपला पंप पोचतोय.”

“तोवर तिची आई घरी आलेली असेल, सर.”

“एका दिवसाने काय होतं?”

“ते मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. डॉक्टरांना माहीत होतं, म्हणून ते थांबले होते.”

ताईंनी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग त्या निरोप लिहायला बसल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की तयार मजकुरात याला जागाच नाही. गादी गेली, पंप राहिला, याला मजकूर होता. राहिलेला पंप गेला, यालाही होता. गेलेला पंप गेलाच नाही, याला नव्हता. ‘काही अपरिहार्य कारणामुळे’ हे शब्द आपोआप उमटले. ते त्यांनी पुसले.

‘दुसरी पेटी उद्या पोचेल, पण ती रिकामी आहे. पंप आमच्याकडेच राहिला. चूक आमची आहे, कुरिअरची नाही. पंप आज तिसऱ्या पार्सलने निघेल. त्याचा वेगळा नंबर स्कॅन झाल्यावर पाठवते. कृपा करून तोवर आईंना घरी आणू नका.’

मालक मागून वाचत होते. “रिकामी नका लिहू हो. अपूर्ण लिहा.”

“अपूर्ण म्हटलं तर तिला वाटेल वायर राहिली.”

“आणि आणू नका, हे आपण कोण सांगणार?”

“सर, आणा हे आपणच सांगितलंय.”

निरोप गेला. त्याखाली एकच खूण उमटली, म्हणजे पोचलाही नव्हता. हॉस्पिटलात रेंज नसते, हे ताई स्वतःला समजावत राहिल्या. पंप त्यांनी आपल्या हाताने भरला. त्याआधी तो प्लगला लावून चालू केला, नळी बोटाने दाबून हवा येते का पाहिली. टेप मारताना काका बाजूला अपराध्यासारखे उभे होते. शेवटी म्हणाले, “ताई, हलवून बघा एकदा.” ताईंनी हलवून पाहिली. पुन्हा काकांनी हलवून पाहिली. कुरिअरवाला आला तेव्हा दोघांनी त्यालाही हलवायला लावली. तो म्हणाला, “फुटेल असं काही आहे का आत?” काका म्हणाले, “आहे, एवढं नक्की.”

घरी ताईंनी आमटीत मीठ दोनदा घातलं. सासूबाईंनी घास घेतला, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “आज उर्वरित काही राहिलं नाही वाटतं. सगळं एकदमच पाठवलंस.” ताई हसल्या नाहीत तेव्हा सासूबाईंनी ताट बाजूला सारलं. “काय झालं गं?”

ताई सांगू लागल्या आणि तेवढ्यात फोन वाजला.

“मॅडम, हा काय मेसेज आहे?” मुलीचा आवाज चढलेला होता. “दुपारी म्हणता पंप निघाला, आता म्हणता पेटी रिकामी. सोडायचे कागद झालेत इथे! मी नंबर बघत होते दर अर्ध्या तासाने. नंबर हलतोय म्हणजे पंप हलतोय ना?”

“मलाही तसंच वाटलं होतं,” ताई म्हणाल्या.

“तुम्हाला वाटून काय उपयोग? तुम्ही दुकानातल्या आहात!”

पलीकडे कुणीतरी कुणाला तरी स्ट्रेचर हलवायला सांगत होतं.

“डॉक्टर अजून आहेत का तिथे?” ताईंनी विचारलं.

“राउंडला आहेत.”

“त्यांना माझा मेसेज दाखवा. कागद झाले असले तरी विचारा. चूक दुकानाची आहे म्हणावं, लेखी आहे.”

फोन बंद झाला. सासूबाई म्हणाल्या, “नोकरी राहील ना तुझी?” ताई म्हणाल्या, “माहीत नाही.” थोड्या वेळाने एका ओळीचा निरोप आला. ‘परवापर्यंत बेड ठेवतायत. त्यापुढे नाही.’

दुसऱ्या दिवशी रिकामी पेटी वेळेच्या आधी पोचली. तिच्याबद्दल कुणी काही लिहिलं नाही. तिसरी पेटी मात्र एका केंद्रावर जाऊन बसली ती हलेचना. ताईंचं कुरिअरच्या तीन माणसांशी बोलून झालं, तिघांनीही ती ‘प्रक्रियेत’ असल्याचं सांगितलं. मालक दिवसभर ताईंशी बोलले नाहीत, पण संध्याकाळी पडद्याकडे बघून विचारलंच, “हलली?” काकांनी पेट्या आधी तयार करणं बंद केलं होतं. ते आता एकेक पेटी रिकामी आणायचे, ताईंना आतून दाखवायचे, भरायचे, पुन्हा दाखवायचे. काम निम्म्यावर आलं होतं.

मुलीने मधेच विचारलं, ‘उद्या अ‍ॅम्ब्युलन्स किती वाजता सांगू?’

ताईंनी आधी पेटीचा नंबर पुन्हा तपासला. मग लिहिलं, ‘अजून सांगू नका. पेटी आली की उघडा. पंप लावून गादी फुगते का बघा. मग सांगा.’

सकाळी पेटी हलली. दुपारच्या आत ‘पोचली’ असं आलं. ताईंचा त्या शब्दावरचा विश्वास उडालेला होता. त्यांनी कामं केली, एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचं नाव घालून निरोप लिहिला आणि पाठवायच्या आधी पुसला. फोन करायचा की नाही, यात दुपार गेली. उन्हं कलली तेव्हा त्यांनी केला.

मुलगी अगदी हळू आवाजात बोलली. “हां मॅडम.”

“आल्या का घरी?”

“आत्ताच झोपलीय. थांबा.”

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, मग पावलं. फोन कशाच्या तरी जवळ नेला असावा, कारण पंपाची बारीक, संथ घरघर ऐकू येऊ लागली. इकडे शेजारच्या टेबलावर मालकांनी लिहिणं थांबवलं, काका दारात येऊन उभे राहिले.

“येतंय ऐकू?” मुलीने विचारलं.

“येतंय,” ताई म्हणाल्या, आणि फोन कानापासून काढेनात.