दर्शनी भिंतीमागचे मजले

नगरच्या आमच्या मुलींच्या बोर्डिंगची इमारत पाडायची असं निघालं, तेव्हा समितीत सगळ्यांत जास्त आवाज मी चढवला. मी तिथंच वाढले, आता शेजारच्या शाळेत शिकवते, आणि काळ्या दगडाची ती दर्शनी भिंत, तिच्या उंच कमानदार खिडक्यांसकट, कुणी पाडायची म्हटली की माझ्या डोक्यात तिडीक जायची. मागचं सगळं खिळखिळं झालंय, हे मलाही दिसत होतं. तुळयांना वाळवी होती, छत गळत होतं. म्हणून पुण्याहून बोलावलेल्या इंजिनिअर मॅडमनी सुचवलं की पुढची भिंत तशीच ठेवू आणि तिच्यामागचं सगळं उतरवून नवं बांधू. मी टाळ्या वाजवायची तेवढी राहिले होते.

विरोध केला तो आमच्या बाईंनी. बाई म्हणजे बोर्डिंगच्या जुन्या अधीक्षिका. लग्न केलं नाही, निवृत्त झाल्या तरी तळमजल्यावरच्या त्याच खोलीत राहिल्या. नव्या इमारतीत मागच्या बाजूला त्यांना अखेरपर्यंत राहायला दोन खोल्या द्यायच्या, हे सगळ्यात आधी ठरलं होतं. त्यावर समितीत वाद झाला नाही. एवढी एकच गोष्ट आम्ही न भांडता ठरवली असेल.

"पाडा ती भिंत," बाई म्हणाल्या. "आजवर पाहुणे आले, तिच्यापुढं उभं राहून फोटो काढून गेले. आत पोरींच्या गाद्या भिजतात, ते बघायला कोणी जिना चढलं नाही. आता पुन्हा तोंड तेवढं जपता होय?"

मला राग आला. बाईंपुढं मी तोंड वर करून बोलले नव्हते कधी. त्या दिवशी बोलले. पोरींना आपलं घर ओळखू यायला नको का, असं काहीतरी म्हणाले. बाईंनी ऐकून घेतलं आणि मॅडमचा नकाशा स्वतःकडे ओढला. चष्मा कपाळावर नेऊन, कागद नाकाशी धरून त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

"ही आडवी रेघ कसली? खिडकीच्या मधनं चाललीय."

ती नव्या मजल्याची स्लॅब होती. जुन्या इमारतीला उंच छतांचे दोन मजले होते. तेवढ्याच उंचीत मॅडमनी तीन बसवले होते. त्यामुळे मधली जमीन थेट खिडकीच्या पोटातून जात होती. मॅडम सरळ स्वभावाच्या होत्या, काही लपवलं नाही. खिडकीला काळी काच लावू, बाहेरून स्लॅब दिसणार नाही, म्हणाल्या. पण ती खिडकी उघडणार नाही.

आमच्याकडे महिन्यातल्या एका रविवारी, चर्चमधली उपासना सुटल्यावर, आईवडील भेटायला येतात. फाटक उघडेपर्यंत ते अंगणाबाहेर थांबतात आणि मुली वरच्या खिडक्यांत दाटीवाटीनं उभ्या राहून आपलं माणूस हुडकतात. अकोले तालुक्याच्या डोंगरातून, पाथर्डीकडून, रात्रीच्या एसटीनं आलेली माणसं मान वर करून उभी असतात. "दिसली का वो आमची?" "ती काय, लाल रिबनवाली हाय." मुलगी हात हलवते तेव्हा कुठं त्यांना फाटकापर्यंत धीर धरवतो.

"पोरगी काचेआड, नि तिच्या गळ्याशी स्लॅब," बाई म्हणाल्या. "ठेवायची तर उघडणारी खिडकी ठेवा. नाहीतर पाडा."

मॅडमही ऐकणाऱ्या नव्हत्या. "बाई, तीन मजल्यांत जास्त मुली राहतील. जागा नाही म्हणून दर वर्षी मुली परत पाठवता, तुम्हीच मला सांगितलंत." त्या मुलींना परत पाठवायचं काम आयुष्यभर बाईंनीच केलं होतं. आम्ही बाकीचे चहाकडे बघत बसलो.

पुढच्या बैठकीला मॅडम नवा नकाशा घेऊन आल्या. हट्टी खऱ्या, पण काय कसबाच्या! भिंतीला लागून असलेल्या खोल्यांची जमीन जुन्याच पातळीवर ठेवली, मागच्या अर्ध्यात तीन मजले केले आणि मध्ये जिना घालून पातळ्या जुळवल्या. खिडक्या सगळ्या उघडणाऱ्या. फक्त पहिल्या नकाशापेक्षा बऱ्याच खाटा कमी झाल्या. समितीतली मंडळी कुरकुरू लागली. एवढ्यासाठी भिंतीचा खटाटोप करायचा, तर बाई म्हणत होत्या तेच बरं, पाडूनच टाकू. भिंत गेली असं मला वाटलं.

बाईंनी नकाशावर बोट ठेवलं. "ह्या दोन खोल्यांत दुमजली खाटा बसतील. मोजून बघा." त्या दोन खोल्या त्यांच्याच होत्या. आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो. बाईंनी आम्हाला वर्गातल्यासारखं गप्प केलं आणि विषय मतदानाला टाकायला लावला. मी भिंतीच्या बाजूनं हात वर केला. तो वर करताना जेवढा जड झाला, तेवढा कधीच झाला नव्हता.

भिंत राहिली, आणि काम सुरू झालं. मागच्या भिंती आणि मजले गेले की पुढची भिंत एकटी पडते, वाऱ्यानंही कलू शकते. म्हणून आधी अंगणाच्या बाजूनं लोखंडी सांगाडा उभारला, त्याच्या पायाशी काँक्रीटचे अवजड ठोकळे ठेवले. खिडक्यांतून लोखंड आरपार नेऊन भिंत दोन्ही अंगांनी चिमट्यात धरली, आणि दगडाला इजा नको म्हणून मध्ये लाकूड घातलं. तिला येऊन मिळणाऱ्या आतल्या भिंती करवतीनं कापून सोडवल्या. हादरे नकोत म्हणून मागचं सगळं वरून खाली, हातानं उतरवलं. जुन्या भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. भिंत हलली तर काच तडकणार. पायाखालीही थोडं थोडं खणून काँक्रीट भरलं, आणि लगतचे दोन तुकडे कधी एका वेळी उघडले नाहीत.

बाई तेव्हा नेवाशाला पुतण्याकडे राहायला गेल्या होत्या. वळवाचं वादळ झालं की त्यांचा फोन यायचा, "काचा बघितल्या का?" पाडा म्हणणाऱ्या त्याच. काचा शाबूत होत्या.

शेवटी नवा सांगाडा भिंतीला जोडला, तोही विचारानं. भिंत जमिनीत बसायची तेवढी बसून झाली होती, नवी इमारत अजून बसणार होती. म्हणून मधले स्टीलचे दुवे असे घातले की भिंत पुढेमागे हलणार नाही, पण नवं बांधकाम खाली सरकलं तर तिला ओढणार नाही. हे समजलं तेव्हा मॅडमबद्दल मला फार आदर वाटला.

मुली राहायला आल्यावरच्या पहिल्या भेटीच्या रविवारी बाई आल्या. फाटकाबाहेर पालकांच्या गर्दीत, हातात पिशवी घेऊन उभ्या. मी धावत गेले, आत चला म्हणाले.

"थांब. अजून वेळ झाली नाही," त्या म्हणाल्या.

वरच्या खिडकीत एक नवी, लहानखुरी मुलगी अर्धी बाहेर झुकून कुणाला तरी हाक मारत होती.

"ए पोरी, आत हो," बाई ओरडल्या. "पडशील."

मुलगी दचकून आत सरली आणि शेजारणीला विचारू लागली, ही कोणाची आजी म्हणून.