नाडी जुळली होती

वहिनीने भाचीची कुंडली पुढे केली. कोपऱ्यांना लावलेल्या हळदीचा वास आला आणि मी मनाने ब्रह्मपुरीच्या आमच्या ओसरीवर जाऊन बसले.

समोर सुधाकर बसला होता. आम्ही कॉलेजात सोबत शिकलेलो, जात एक, दोन्ही घरं राजी. जोशीबुवांनी पंचांग मिटलं.

"छत्तीसातले चोवीस गुण जुळतात, अठराच्या वर आहेत. पण दोघांचीही मध्य नाडी, तिचे आठही गेले. रास एक असती तर दोष मानला नसता. एका नाडीत संतती वाचत नाही."

आई हळूच म्हणाली, "दान देऊन, जप करून भागत असन तर..."

"लेकरं वाचत नाई म्हणते, मंग काऊन द्यायची पोरगी?" बाबा बोलले. सुधाकर अर्धा चहा ठेवून उठला.

मला राजुऱ्यात दिलं. नाडी वेगळी, गुण एकतीस. माझा विनू हातपाय दुखतात म्हणून रात्रंदिवस रडायचा. नवव्या वर्षी गेला. डॉक्टर म्हणाले, सिकलसेल. आम्हा नवरा-बायको दोघांच्याही रक्तातून आलं.

"बत्तीस गुण जुळले, बाई," वहिनी हसत म्हणाली.

"दोघांचं रक्त तपासलं?"

तिने कुंडली ओढून घेतली.

"शुभ कामात रक्ताचं काऊन काढता?"